हात गरम करून मग डॉपलर

*डॉक्टर, मी २७ वर्षांची. राहते साखळीला, नोकरी पणजीला. गेले दोन हिवाळे सकाळी स्कूटरवरून जाताना दोन्ही हातांची बोटं मधल्या पेरापर्यंत खडूसारखी पांढरी पडतात, मग निळीजांभळी होतात. ऑफिसात पोचून पंधरा-वीस मिनिटं झाली की लाल होऊन ठणकतात आणि मग पूर्ववत. फ्रीझरमधून बांगड्यांची पिशवी काढली तरी तेच. अंगठ्यांना काही होत नाही, जखम कधी झालेली नाही. यंदा त्रास वाढलाय. डॉपलर केला. सकाळी नऊची वेळ, खोलीत एसी, हात बर्फ झाले होते. ‘बोटांच्या धमन्यांत प्रवाह अत्यल्प, ब्लॉकेजची शक्यता, अँजिओग्राफी करावी’ असा रिपोर्ट आला. माझ्या मामांच्या पायाची दोन बोटं चाळिशीत कापावी लागली. ते विड्या ओढायचे. माझंही तसंच होणार का? मायग्रेनसाठी सप्टेंबरपासून प्रोप्रानोलोल घेते, बाकी काही नाही.*

अँजिओग्राफीची तारीख घेतली असेल तर ती आधी पुढे ढकला. बोटांच्या धमन्यांची अँजिओग्राफी म्हणजे मोठ्या धमनीत नळी घालून डाय सोडायचा. तुमच्या पत्रात मला त्याची घाई करण्यासारखं काही दिसत नाही. ती करण्याआधी तोच डॉपलर, म्हणजे ध्वनिलहरींनी धमनीतला रक्तप्रवाह बघायची तपासणी, पुन्हा करायचा, फक्त हात गरम करून. तुमच्या रिपोर्टमध्ये जे लिहिलंय ते खोटं नाही. त्या क्षणी बोटांत रक्त खरंच फारसं जात नव्हतं. पण ते का जात नव्हतं, हे थंड हातावरचा डॉपलर सांगू शकत नाही.

हे नीट कळायला बोटाच्या आत जरा डोकवावं लागेल. प्रत्येक बोटाच्या दोन्ही कडांनी एकेक बारीक धमनी वर जाते, साधारण एक मिलिमीटर जाडीची. बोटाच्या स्वतःच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त रक्त तिथं खेळतं. हे जास्तीचं रक्त बोटाला पोसण्यासाठी नसतं, अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी असतं. उन्हाळ्यात तळवे गरम आणि गुलाबी असतात ते यामुळे. उलट थंडी वाजली की शरीर उष्णता वाचवायला बघतं आणि मज्जातंतूंमार्फत या धमन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंना आवळायचा हुकूम देतं. तुमचं, माझं, सगळ्यांचं शरीर हे करतं. माझ्या बोटांत धमन्या अर्ध्या आवळतात, तुमच्या बोटांत त्या पूर्ण मिटतात. फरक एवढाच, पण बोटाला तो फार मोठा.

रंगांचा क्रमही त्यातूनच येतो. धमनी मिटली की बोटात रक्तच उरत नाही, म्हणून पांढरं. हे पांढरेपण एका स्पष्ट रेषेवर थांबतं, जणू बोट त्या रेषेपर्यंत चुन्यात बुडवलंय. मग थोडं रक्त झिरपतं आणि तिथंच साचून राहतं. त्यातला प्राणवायू पेशी ओढून घेतात, म्हणून निळं. ऊब मिळाली की स्नायू सैल पडतात, उपाशी राहिलेल्या भागात रक्त धावून येतं, म्हणून लाल आणि ठणका. पॅरिसच्या मोरिस रेनो या तरुण डॉक्टरनं १८६२ मध्ये आपल्या प्रबंधात याचं वर्णन केलं, म्हणून याला रेनोचा विकार म्हणतात. आपल्याकडच्या दवाखान्यांत ‘रेनॉड्स’ असा उच्चार जास्त ऐकू येईल, गोंधळू नका.

गोव्यात कुठली आलीय एवढी थंडी, असं तुम्हाला चार जण म्हणाले असतील. मीही हे वाक्य रुग्णांच्या नातेवाइकांकडून सतत ऐकते आणि दरवेळी सांगते की बोटांना पारा किती खाली गेला ते कळत नाही, त्यांना फरक कळतो. डिसेंबरच्या सकाळी साखळीच्या बाजूला धुकं असतं, तुम्ही पांघरुणातून उठून अर्ध्या तासात स्कूटरवर, त्यात ताशी पन्नासच्या वेगानं वारा थेट मुठीवर. २० अंशांच्या हवेतसुद्धा बोटाची कातडी भराभर थंड होते. मे महिन्यात एसीची गार झोत आणि फ्रीझरमधली बांगड्यांची पिशवी हेच काम करतात. मासळी निवडताना दिवसभर बर्फात हात घालणाऱ्या बायकांमध्ये मी हे बारा महिने पाहिलंय.

आता खरं ब्लॉकेज. तिथं धमनीचा स्नायू आवळत नाही, तिचा मार्गच भरून जातो, कधी गुठळीनं, कधी भिंतीला सूज येऊन, कधी चरबीच्या थरानं. बुजलेल्या जागेला हवामानाशी देणंघेणं नसतं. कोमट पाण्यात हात धरा, दुपारी उन्हात बसा, बुजलेलं बुजलेलंच राहतं. थंडीत तिथंही त्रास वाढतो, कारण आजूबाजूच्या वाटांनी जेमतेम येणारं रक्तही आवळलं जातं, आणि नेमकं इथंच लोक फसतात. पण ऊब आल्यावर ते बोट शेजारच्या बोटांसारखं होत नाही. दुसरी गोष्ट, ब्लॉकेज सहसा दोन्ही हातांत सारखं वाटून येत नाही. एका हातात येतं, एका-दोन बोटांत येतं, ज्या फांदीवर अडलंय त्या फांदीखालीच दिसतं.

एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण ते तुमच्या तक्रारीसारखंच सुरू झालं होतं. वास्कोकडचे एक गॅरेजवाले, वय ४६. सांगत आले की पावसात भिजलं की बोटं पांढरी पडतात. बाहेर त्यांना रेनॉड्स सांगून गोळ्या दिल्या होत्या, तीन महिने घेऊनही फरक नव्हता. मी विचारलं, कुठली बोटं? त्यांनी उजवा हात पुढे केला आणि करंगळी व अनामिका दाखवली. डावा हात? त्याला काही नाही. उन्हाळ्यात? ‘उन्हाळ्यातसुद्धा करंगळी गारच असते, डॉक्टर.’ मग त्यांनी हात उलटा केला तेव्हा करंगळीच्या टोकाला, नखाच्या अगदी खाली, मोहरीएवढा काळा कोरडा ठिपका होता. महिनाभर तो त्यांना ग्रीसचा डाग वाटत होता.

मी त्यांना मूठ घट्ट आवळायला लावली. मनगटाला दोन धमन्या येतात. अंगठ्याकडची, जिच्यावर आपण नाडी बघतो, आणि करंगळीकडची. दोन्हींवर माझे अंगठे दाबून धरले. मूठ उघडायला सांगितली. तळवा पांढराफटक, अपेक्षेप्रमाणे. मग फक्त अंगठ्याकडची सोडली, तळवा पाच सेकंदांत गुलाबी झाला. पुन्हा तेच केलं आणि या वेळी फक्त करंगळीकडची सोडली. दहा सेकंद गेले, पंधरा गेले, तळवा पांढराच. ती धमनी बंद होती. या तपासणीला अ‍ॅलन टेस्ट म्हणतात, तिला यंत्र लागत नाही.

कारण त्यांच्या कामात सापडलं. घट्ट बसलेला पार्ट सोडवायला हातोडी हाताशी नसली की ते तळव्याच्या करंगळीकडच्या उशीनं ठोकायचे. वीस वर्षं. तिथं कातडीखाली एक छोटं हाड आकड्यासारखं बाहेर आलेलं असतं, आणि धमनी त्याच्या अगदी कडेनं जाते. प्रत्येक ठोक्याला ती त्या हाडावर चेपली जाते, भिंत फाटते, गुठळी धरते, आणि गुठळीचे कण पुढच्या बोटांत जाऊन अडकतात. त्यांच्यासाठी अँजिओग्राफी योग्यच होती आणि आम्ही ती केली. उपचारही वेगळे ठरले: तळव्यानं ठोकणं कायमचं बंद, सिगारेट बंद, रक्त पातळ राहण्याचं औषध. जखम भरायला चार महिने लागले.

त्यांचाही अंगठा ठीक होता, हे मुद्दाम सांगते. अंगठा वाचलाय म्हणजे काळजी नाही, असं वाचून लोक निर्धास्त होतात. साध्या रेनॉड्समध्ये अंगठा बहुधा सुटतो हे खरं, पण तेवढ्यावर निकाल देता येत नाही. तुमच्या पत्रात मला दिलासा देणारी गोष्ट वेगळी आहे: दोन्ही हात, सारखी बोटं, आणि मध्ये पूर्ण बरं होणं. बोट दिवसातून दोनदा पांढरं पडून दोन्ही वेळा पूर्ववत होत असेल, तर त्यातली धमनी उघडू शकते हे त्या बोटानंच दाखवून दिलंय. शिवाय वय, बाई असणं आणि मायग्रेन. हे तिन्ही साध्या रेनॉड्सबरोबर वारंवार एकत्र दिसतात.

तरीही अंदाजावर सोडायचं नाही. डॉपलर पुन्हा करताना असं करा. दुपारची वेळ घ्या, स्कूटरनं जाऊ नका. त्या दिवशी चहा-कॉफी तपासणीनंतर. अंगात स्वेटर घालून एसी नसलेल्या जागी अर्धा तास बसा. आत जाण्याआधी दहा मिनिटं हात कोमट पाण्यात धरा, म्हणजे अंघोळीला घेतो त्यापेक्षाही कमी गरम. एसी बंद करायला सांगताना संकोच करू नका, आणि जेलीही थंड नको म्हणावं. मग तपासणाऱ्यांना स्पष्ट सांगा की आधीचा रिपोर्ट गार हातावर होता, या वेळी तळव्यातल्या कमानीपासून प्रत्येक बोटापर्यंत प्रवाह बघा. सोय असेल तर बोटाला छोटा पट्टा बांधून बोटातला दाब मोजतात. गरम हातात तो दंडापेक्षा थोडाच कमी भरायला हवा. प्रवाह सगळ्या बोटांत परत आला तर आधी दिसलेलं आकसणं होतं, अँजिओग्राफीचा विषय संपला. एखाद्या ठरावीक जागी तो गरम हातातही तुटलेला राहिला तर मात्र पुढची तपासणी हवी. त्याच भेटीत दोन्ही दंडांचं ब्लडप्रेशर घ्यायला लावा. दोन्हींत १५-२० अंकांचा फरक निघाला तर अडथळा वर, खांद्याच्या बाजूला शोधावा लागतो.

कधीकधी डॉक्टर सांगतात की बर्फाच्या पाण्यात हात घालून अटॅक आणून बघू. मी ते करत नाही आणि तुम्हीही करू देऊ नका. त्रास होतो आणि निष्कर्ष धड निघत नाही. त्यापेक्षा स्कूटर बाजूला लावून मोबाइलवर फोटो काढा: पांढरं असताना एक, निळं असताना एक, दोन्ही हात शेजारी शेजारी धरून. असा फोटो घेऊन आलेल्या रुग्णाचं अर्धं निदान बसल्याबसल्या होतं.

आकसणं आहे हे ठरलं तरी एक प्रश्न उरतो: ते आपणहून आहे की मागे दुसरा आजार आहे? काही सांधे-त्वचेच्या आजारांची पहिली खूण हीच असते, विशेषतः स्क्लेरोडर्मा, ज्यात कातडी ताठरत जाते. याचं उत्तर नखाच्या मुळाशी सापडतं. नख जिथं कातडीतून बाहेर येतं त्या काठावर तेलाचा थेंब टाकून डर्मोस्कोप या दिव्याच्या भिंगातून पाहिलं की अगदी सूक्ष्म रक्तवाहिन्या दिसतात, केसांच्या पिनांसारख्या वळलेल्या. निरोगी हातात त्या एकसारख्या, ओळीनं उभ्या. स्क्लेरोडर्माच्या वाटेवर असलेल्या हातात काही पिना फुगून रुंद झालेल्या असतात आणि मध्ये मोकळ्या जागा पडलेल्या. दोन मिनिटांचं काम, पण माझ्या मते यातली सगळ्यात मोलाची तपासणी. जोडीला एएनए, म्हणजे शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध बनवतं ती प्रतिद्रव्यं शोधणारी रक्तचाचणी, अंगातली सूज दाखवणारा ईएसआर, थायरॉइड, रक्ताची नेहमीची तपासणी आणि लघवी. नखाजवळचं चित्र आणि एएनए दोन्ही ठीक असतील तर पुढे असा आजार उद्भवण्याची शक्यता फार कमी राहते, वर्षातून एकदा दाखवलं तरी पुरतं. बोटं सकाळी सुजल्यासारखी वाटणं, अंगठी घट्ट होणं, गिळताना अडखळणं, सांधे दुखणं यातलं काही सुरू झालं तर वर्षाची वाट बघू नका. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात मेडिसिनच्या ओपीडीत या तपासण्यांसाठी दाखवता येईल.

आणि तुमची ती मायग्रेनची गोळी. यंदा त्रास का वाढला याचा पहिला संशय मला तिच्यावरच आहे. प्रोप्रानोलोल मायग्रेनला चांगली, पण ती हातापायांच्या धमन्या सैल पडू देत नाही आणि बोटं गार पडणं हा तिचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. तुमचा त्रास गोळीच्या आधीपासूनचा, म्हणजे मूळ कारण ती नव्हे, पण सप्टेंबरला सुरू झालेली गोळी आणि डिसेंबरात वाढलेला त्रास हा योगायोग म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही. ती स्वतःहून एकदम बंद मात्र करू नका. अचानक थांबवली तर छातीत धडधड होते, प्रेशर चढतं. ज्यांनी दिली त्यांना बोटांची गोष्ट सांगा. मायग्रेन रोखायला दुसरी औषधं आहेत, ते डोस उतरवत बदलून देतील. डोकं दुखायला लागल्यावर घ्यायच्या काही गोळ्या, म्हणजे अर्गोटामीन आणि ट्रिप्टान जातीच्या, याहून जास्त धमन्या आवळतात. दुकानातून तशा काही घेत असाल तर थांबवा. सर्दीच्या नाक मोकळं करणाऱ्या गोळ्यांचंही तसंच.

रोजच्यासाठी एक गोष्ट लोकांना पटत नाही ती आधी सांगते: हातमोज्यांपेक्षा जाकीट महत्त्वाचं. धमन्या मिटायचा हुकूम नुसते हात गारठल्यावरच नाही, सबंध अंग गार पडल्यावरही येतो. छाती-पोट उबदार असेल तर बोटांना रक्त सोडायला शरीर कां-कूं करत नाही. म्हणून वारा न शिरणारं जाकीट, घरातूनच घालून निघायचं, गारठल्यावर नाही. हातमोजे वरून वारा अडवणारे आणि आत मऊ अस्तराचे. नुसते लोकरीचे असतील तर स्कूटरवर वारा आरपार जातो. फ्रीझरजवळ एक जाड फडका अडकवून ठेवा आणि मासळीची पिशवी त्यानंच उचला. ऑफिसात एसीची झोत टेबलावर येत असेल तर जागा बदलून मागा. अटॅक आला तर थांबा, हात काखेत धरा किंवा दंड गोल गोल जोरात फिरवा, रक्त बोटांकडे फेकलं जातं. कोमट पाणी चालेल. गॅसवर किंवा चुलीवर धरू नका. बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही आणि मग खरी जखम होते.

एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. नाही भागलं तर धमन्या सैल करणाऱ्या गोळ्या आहेत, अ‍ॅम्लोडिपिन किंवा हळूहळू सुटणारं निफेडिपिन, ज्या आपण प्रेशरसाठी देतो त्याच. थंडीचे तीन महिने घेऊन बंद करता येतात. अटॅक कमी होतात, थांबतात असं नाही. डोकं दुखणं आणि पाय सुजणं हा त्यांचा त्रास, आणि तुम्हाला आधीच मायग्रेन आहे म्हणून मी त्या शेवटी ठेवीन. मूल हवं असेल तर आधी बोला. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कुणी सुचवल्या तर विचारा की कशासाठी. निव्वळ आकसलेल्या धमनीत गुठळी नसते, त्यांना तिथं काही काम नाही.

काही वेळा मात्र माझ्या किंवा कुणाच्याही उत्तराची वाट बघायची नाही. एकच बोट निळं पडलं आणि ऊब देऊनही तासाभरात परत आलं नाही, किंवा टोकाला फोड, चर, काळा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी दाखवायचं. सबंध हात किंवा पाय अचानक गार, पांढरा, असह्य दुखणारा आणि बधिर झाला, मनगटाची नाडी लागेना, तर ती वरून सुटून आलेली गुठळी असू शकते. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्यांत हे होतं. अशा वेळी हात वाचवायला मोजके तास हातात असतात, साधारण सहा. १०८ ला फोन करायचा, शेकत बसायचं नाही.

मामांबद्दल. तुम्ही लिहिलंय त्यावरून त्यांना बर्जर्सचा आजार झाला असावा. तो विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत, बहुधा पुरुषांत, पंचेचाळिशीच्या आत सुरू होतो. हातापायांच्या लहान-मध्यम धमन्या आतून सुजून गुठळीनं बुजतात. तिथं धमनी खरोखर बंद झालेली असते, तुमच्यासारखी मिटून उघडत नाही. तुम्ही तंबाखूला हात लावत नसाल तर तो आजार तुमच्याकडे भाची म्हणून येणार नाही. मामांची गोष्ट निराळी. त्या आजारात उरलेली बोटं वाचवणारा एकच खात्रीचा उपाय आहे, तंबाखू पूर्ण सोडणं. दिवसाला एक-दोन विड्याही आजार चालू ठेवायला पुरतात, चघळण्याची तंबाखू आणि मशेरीही त्यातच आली. त्यांचं यातलं काही अजून चालू आहे का, ते या रविवारी त्यांना विचारा.